४० पैसे परत द्यायचेत: कॉइन चेंजमध्ये ग्रीडी कुठं फसतं आणि टेबल कसं भरायचं

सांगलीत विश्रामबागेकडं इंजिनिअरिंगची पोरं भेटली की प्लेसमेंटचा विषय निघतोच, आणि त्यात कॉइन चेंजचा प्रश्न हमखास येतो. प्रश्न साधा आहे. काही ठरावीक किमतीची नाणी दिलेली आहेत, प्रत्येक नाणं पाहिजे तेवढ्या वेळा वापरता येतं, एक रक्कम दिलीय, तर ती रक्कम कमीत कमी किती नाण्यांत भरता येईल ते सांगा. बहुतेक जण लगेच म्हणतात की सगळ्यात मोठं नाणं आधी घ्या, ते बसेना झालं की त्याच्या खालचं घ्या, असं करत शेवटपर्यंत जा. यालाच ग्रीडी म्हणतात. आणि आपल्या आजच्या पैशांवर हे करून बघितलं तर उत्तर बरोबर येतं, म्हणून मग डोक्यात पक्कं बसतं की हीच पद्धत.

आज आपल्याकडं १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५०० अशी नाणी-नोटा आहेत. कुठलीही पूर्ण रुपयातली रक्कम घ्या, मोठ्यापासून सुरू करा, नग कमीत कमीच लागतील. पण हे या आकड्यांचं वैशिष्ट्य आहे, पद्धतीचं नाही. आकडे बदलले की तीच पद्धत चुकीचं उत्तर देते, आणि चुकतंय हे सांगतही नाही. त्यासाठी कुठली परदेशी किंवा काल्पनिक नाणी आणायची गरज नाही, आपलीच जुनी चिल्लर पुरते.

आधी चुकणारं उदाहरण हातात घ्या

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडं दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्यात ५, १०, २५ पैसे होते, ५० पैसे थोडं मागून आले. मग १९६८ ला २० पैशांचं नाणं आलं, ते पितळी रंगाचं, कमळाचं चित्र असलेलं, आणि पुढं १९८० च्या दशकात ॲल्युमिनियमचं हलकं षटकोनी २० पैसे आलं. म्हणजे गल्ल्यात ५, १०, २०, २५, ५० ही सगळी एकाच वेळी असायची. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण आपल्याला शिकायला ती फार कामाची आहेत, कारण २० आणि २५ एकमेकांच्या इतकी जवळ बसली आहेत की ग्रीडी तिथंच अडकतं.

समजा गणपती पेठेतल्या दुकानात कुणी ६० पैशांचं भडंग घेतलं आणि रुपया दिला. परत द्यायचे ४० पैसे. ग्रीडी काय करेल बघा. ५० बसत नाही. २५ बसतं, घेतलं, उरले १५. आता २० बसत नाही, १० बसतं, उरले ५, मग ५ चं एक. २५ + १० + ५, झाली तीन नाणी. आणि गल्ल्यावरचा माणूस काय करायचा, तर दोन वीस पैसे टाकायचा, विषय संपला. दोन नाणी.

आता इथं थांबून नीट बघायचं की चूक नेमकी कुठं झाली, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. २५ घेताना ग्रीडीनं फक्त एवढंच बघितलं की हे बसणारं सगळ्यात मोठं नाणं आहे. मागं १५ उरणार आहेत आणि १५ ला एका नाण्यात भागत नाही, हे त्यानं बघितलंच नाही. २० घेतलं असतं तर मागं २० उरले असते, ते एकाच नाण्यात भागले असते. म्हणजे पहिलं नाणं किती मोठं आहे यापेक्षा ते घेतल्यावर उरलेली रक्कम किती सोयीची पडते हे महत्त्वाचं, आणि ग्रीडी उरलेल्या रकमेकडं बघतच नाही.

अजून एक प्रकार असतो तो याहून वाईट. समजा गल्ल्यात ५ पैसे संपलेत, फक्त १० आणि २५ आहेत, आणि द्यायचे आहेत तेच ४०. ग्रीडी २५ घेईल, १० घेईल, ५ उरतील आणि म्हणेल जमत नाही. पण १० ची चार नाणी दिली की ४० होतात की. म्हणजे इथं जास्त नाणी लागली असं नाही, उत्तर असून नाही म्हणाला. प्रोग्रॅमनं "शक्य नाही" असं सांगितलं की आपण सहसा तपासत पण नाही, म्हणून ही चूक जास्त दिवस लपून राहते.

जुगाड करून भागत नाही

४० चं उदाहरण दाखवलं की पोरं लगेच एक दुरुस्ती सुचवतात, आणि ती ऐकायला खरंच बरी वाटते. म्हणतात की ग्रीडी एकदाच नको चालवूया, एकदा ५० पासून सुरू करू, मग ५० बाजूला ठेवून २५ पासून, मग २५ पण बाजूला ठेवून २० पासून, असं प्रत्येक नाण्यापासून एकेकदा चालवू आणि त्यातलं सगळ्यात कमी उत्तर घेऊ. ४० ला हे चालतं, २० पासून सुरू केलं की २० + २० मिळतात.

आता ९० पैसे घ्या. ५० पासून सुरू केलं तर ५० + २५ + १० + ५, चार नाणी. २५ पासून तर २५ तीनदा, मग १०, मग ५, पाच नाणी. २० पासून तर २० चारदा आणि १०, परत पाचच. १० पासून नऊ, ५ पासून अठरा. सगळ्यात कमी आलं चार. पण खरं उत्तर ५० + २० + २०, म्हणजे तीन. इथं ५० घ्यायचं होतं, २५ सोडायचं होतं, आणि मग २० घ्यायचं होतं, म्हणजे मधलंच नाणं गाळायचं होतं. मधली गाळायची झाली तर कुठली गाळायची याच्या सगळ्या जोड्या बघाव्या लागतील, आणि नाणी वाढली की त्या जोड्या भराभर वाढतात. म्हणून ठिगळं लावत बसण्यात अर्थ नाही, विचारच दुसऱ्या टोकाकडून करावा लागतो.

शेवटचं नाणं धरून विचार करा

पहिलं नाणं कुठलं हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. असं धरा की ४० पैसे भरून झालेत आणि सगळ्यात चांगल्या पद्धतीनं भरून झालेत. आता त्यातलं शेवटी ठेवलेलं नाणं उचला. ते ५ चं असेल, १० चं असेल, २० चं असेल नाहीतर २५ चं, ५० चं असूच शकत नाही. बस, एवढ्याच चार शक्यता. ५ चं असेल तर खाली ३५ राहिले, १० चं असेल तर ३०, २० चं असेल तर २०, आणि २५ चं असेल तर १५.

आणि जे खाली राहिलेत ते पण कमीत कमी नाण्यांतच भरलेले असले पाहिजेत. कारण समजा खालचे ३५ तुम्ही तीन नाण्यांत भरलेत आणि ते दोन नाण्यांत भरता येत होते, तर ती तीन काढून दोन ठेवली असती की, ४० चं उत्तर पण एकानं कमी झालं असतं. म्हणजे आपण ज्याला सगळ्यात चांगलं म्हणत होतो ते तसं नव्हतंच. म्हणून ४० चं उत्तर काढायला आपल्याला ३५, ३०, २० आणि १५ या चार रकमांची खरी उत्तरं माहीत पाहिजेत, त्यातलं सगळ्यात छोटं घ्यायचं आणि त्यात शेवटच्या नाण्याचा एक मिळवायचा.

हेच जर रिकर्शननं सरळ लिहिलं तर चालतं, पण ४० साठी ३५ विचारला, ३५ साठी ३० विचारला, आणि ४० साठी परत ३० वेगळा विचारला, असं तेच तेच पुन्हा पुन्हा मोजलं जातं आणि रक्कम थोडी वाढली की प्रोग्रॅम बसतो. उत्तरं साठवून रिकर्शन केलं तर ते थांबतं, पण पायथनमध्ये फंक्शननं स्वतःला किती खोल बोलवायचं याची मर्यादा मुळात १००० ला असते, आणि नाण्यांत १ असेल तर हजाराच्या पुढच्या रकमेला तेवढ्या खोलात जावं लागू शकतं, मग `RecursionError` येतो. त्यापेक्षा सरळ खालून वर भरत या. छोट्या रकमेपासून सुरू करायचं, प्रत्येक रकमेचं उत्तर एका घरात लिहून ठेवायचं, म्हणजे मोठ्या रकमेवर पोचेपर्यंत तिला लागणारं प्रत्येक घर आधीच भरलेलं असतं. यालाच बॉटम-अप टेबल म्हणतात.

टेबल हातानं एकदा भराच

कोडकडं जायच्या आधी वही-पेन घेऊन हे एकदा करा, मी कुणालाही शिकवताना हे सोडू देत नाही, कारण कोड दहा ओळींचा असतो आणि तो पाठ पण होतो, पण एखादं घर असं का भरलं हे हातानं भरल्याशिवाय कळत नाही.

आधी आकडे छोटे करून घेऊ. सगळी नाणी ५ च्या पटीत आहेत, तर सगळ्याला ५ नं भागा. ५, १०, २०, २५, ५० चे झाले १, २, ४, ५, १०. आणि ४० चे झाले ८. म्हणजे ४० घरांऐवजी ८ घरं भरायची, उत्तर तेच येणार कारण नाण्यांची संख्या भागल्यानं बदलत नाही. मोठ्या रकमांना ही युक्ती खरोखर उपयोगी पडते, सगळी नाणी कशानं भागली जातात ते आधी बघायचं आणि भागून घ्यायचं. रक्कमच जर त्यानं भागली जात नसेल, जसं की ५ च्या पटीतली नाणी आणि द्यायचे ४२, तर तिथंच सांगून टाकायचं की शक्य नाही.

आता घरं ० पासून ८ पर्यंत. घर ० मध्ये लिहा ०, कारण काहीच द्यायचं नसेल तर नाणं लागत नाही. हे एक घर आपण हातानं भरतो, बाकी सगळी याच्यावर उभी राहतात.

घर १: शेवटचं नाणं १ चंच असणार, खाली घर ० मध्ये ० आहे, तर १. घर २: शेवटचं १ धरलं तर घर १ चं १ आणि वर एक, म्हणजे २. शेवटचं २ धरलं तर घर ० चं ० आणि वर एक, म्हणजे १. छोटं १, तेच लिहा. घर ३: शेवटचं १ धरा की २ धरा, दोन्हीकडून २ च येतात. घर ४ ला ४ चं नाणं आहे, १. घर ५ ला ५ चं आहे, १. घर ६ ला २, मग ते ५ + १ म्हणा नाहीतर ४ + २ म्हणा. घर ७ ला ५ + २, म्हणजे २.

आता घर ८, ज्यासाठी एवढं चाललंय. शेवटचं नाणं १ धरलं तर घर ७ बघा, तिथं २ आहे, वर एक, ३. शेवटचं २ धरलं तर घर ६ मध्ये २ आहे, परत ३. शेवटचं ४ धरलं तर घर ४ मध्ये १ आहे, वर एक, २. शेवटचं ५ धरलं तर घर ३ मध्ये २ आहे, ३. चौघांत छोटं २, आणि ते ४ च्या नाण्यामुळं आलं. ग्रीडीनं नेमकं ५ चं दार उघडलं होतं, ज्याच्यामागं घर ३ होतं, आणि घर ३ ला दोन नाणी लागतात. टेबलनं चारही दारं उघडून बघितली. फरक एवढाच आहे, पण सगळा फरक इथंच आहे.

सोबत अजून एक ओळ ठेवा, कुठल्या शेवटच्या नाण्यानं हे छोटं उत्तर आलं ते लिहायला. भरून झालं की असं दिसतं, `dp` ही नाण्यांच्या संख्येची ओळ आणि `last` ही शेवटच्या नाण्याची:

```
x        0  1  2  3  4  5  6  7  8
dp[x]    0  1  1  2  1  1  2  2  2
last[x]  -  1  2  1  4  5  1  2  4
```

नाणी कुठली ते काढायला खालच्या ओळीवरून मागं चालत यायचं. घर ८ ला ४ लिहिलंय, म्हणजे एक नाणं ४ चं, ८ मधून ४ गेले, घर ४ वर या. तिथं पण ४ आहे, दुसरं नाणं ४ चं, आता घर ०, थांबा. ४ आणि ४, परत ५ नं गुणलं की २० आणि २० पैसे.

आता कोड

```python
def table(coins, amount):
    INF = amount + 1
    dp = [INF] * (amount + 1)
    last = [0] * (amount + 1)
    dp[0] = 0
    for x in range(1, amount + 1):
        for c in coins:
            if c <= x and dp[x - c] + 1 < dp[x]:
                dp[x] = dp[x - c] + 1
                last[x] = c
    return dp, last
```

वहीत जे केलं तेच इथं आहे. बाहेरचा लूप घरं एकेक करून पुढं नेतो, आतला लूप शेवटचं नाणं कुठलं याच्या शक्यता बघतो. `c <= x` म्हणजे नाणं घरापेक्षा मोठं नको. `dp[x - c] + 1` म्हणजे खाली उरलेल्याचं उत्तर आणि वर एक.

`INF` ला `amount + 1` का ठेवलंय ते सांगतो. नाणी पूर्ण आकड्यात असल्यामुळं सगळ्यात छोटं नाणं १ चं असू शकतं, म्हणजे जास्तीत जास्त `amount` एवढीच नाणी लागतील, त्याच्यापेक्षा एक जास्त हा आकडा कधीच खरं उत्तर असू शकत नाही. म्हणून तो "अजून जमलेलं नाही" या अर्थानं वापरायचा. सी++ किंवा जावामध्ये लोक इथं `INT_MAX` टाकतात आणि मग त्यात एक मिळवला की आकडा उलटून निगेटिव्हमध्ये जातो, निगेटिव्ह आकडा सगळ्यात छोटा ठरतो आणि टेबलमध्ये कचरा भरत जातो. उत्तर म्हणून एखादा भलामोठा निगेटिव्ह आकडा दिसला तर आधी हेच तपासा. उलट काही जण न भरलेल्या घरात -१ ठेवतात, तिथं पण तीच गत, -१ मध्ये एक मिळवला की ० येतो आणि शून्य नाण्यांत रक्कम भरल्याचं दिसतं.

नाणी काढायचं फंक्शन:

```python
def pick(last, amount):
    out = []
    while amount > 0:
        out.append(last[amount])
        amount -= last[amount]
    return out
```

हे बोलवायच्या आधी `dp[amount]` हा `INF` नाही ना हे बघितलंच पाहिजे. कारण जी रक्कम जमतच नाही तिच्या घरात `last` ला ० राहिलेला असतो, मग ० वजा करत लूप तिथंच फिरत बसतो, संपत नाही, आणि `out` फुगत जाते. प्रोग्रॅम काहीच न छापता अडकला आणि मेमरी वाढत चाललीय असं दिसलं की कारण बहुतेक हेच असतं.

ग्रीडी आणि टेबल शेजारी ठेवून तपासा

टेबल बरोबर भरलं की नाही, आणि आपल्या नाण्यांवर ग्रीडी चालतं की नाही, दोन्ही एकदम तपासता येतं. ग्रीडी असं लिहा:

```python
def greedy(coins, amount):
    n = 0
    for c in sorted(coins, reverse=True):
        n += amount // c
        amount %= c
    return n if amount == 0 else None
```

आणि दोघांना एका रुपयापर्यंत समोरासमोर उभं करा:

```python
coins = [1, 2, 4, 5, 10]
dp, last = table(coins, 20)
for x in range(1, 21):
    g = greedy(coins, x)
    if g != dp[x]:
        print(x * 5, g, dp[x])
```

हे चालवलं की दोनच ओळी येतात:

```
40 3 2
90 4 3
```

म्हणजे रुपयाच्या आत ५ च्या पटीत वीस रकमा आहेत, त्यातल्या अठरांना ग्रीडी बरोबर, फक्त ४० आणि ९० ला चुकतं. हे नीट लक्षात घ्या, कारण टेस्टिंग करताना माणूस दोन-चार रकमा घालून बघतो, ३५, ६०, ७५ वगैरे, सगळं बरोबर येतं आणि कोड पास म्हणून सोडून देतो. चार रकमा बघून ग्रीडीवर विश्वास ठेवता येत नाही.

मग किती रकमांपर्यंत बघायचं? याचं पक्कं उत्तर आहे. १९९४ साली डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झाक्स यांनी हे सिद्ध केलं की नाण्यांत १ असेल आणि ग्रीडी कुठंतरी चुकणार असेल, तर ते पहिल्यांदा चुकतं ती रक्कम सगळ्यात मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेपेक्षा लहानच असते. आपल्या नाण्यांत मोठी दोन ५० आणि २५, बेरीज ७५, आणि पहिली चूक ४० ला सापडली, ७५ च्या आत. म्हणजे वरचा लूप मोठ्या दोघांच्या बेरजेपर्यंत चालवला आणि एकही ओळ आली नाही तर त्या नाण्यांवर ग्रीडी कुठल्याही रकमेला चालतं, मग बिनधास्त ग्रीडीच वापरा, ते टेबलपेक्षा कितीतरी फास्ट आहे. आजच्या रुपयांसाठी हे ५०० + २०० म्हणजे ७०० पर्यंत चालवून बघा, काही छापलं जाणार नाही.

एक अर्धवट नियम फिरत असतो तो पण इथंच बघू. म्हणतात की प्रत्येक मोठं नाणं त्याच्या खालच्या नाण्याच्या पटीत असेल आणि सगळ्यात छोटं १ असेल तर ग्रीडी चालतं. हे खरं आहे. पण याचा उलटा अर्थ लावायचा नाही. ५ ही २ च्या पटीत नाही, ५० ही २० च्या पटीत नाही, तरी आजच्या रुपयांवर ग्रीडी बरोबरच येतं. आणि २५ ही २० च्या पटीत नाही, तिथं फसतं. म्हणजे पटीत असेल तर निश्चिंत राहा, पटीत नसेल तर अंदाज करू नका, लूप चालवून बघा.

टेबलची पण मर्यादा आहे

टेबलला लागणारं काम म्हणजे घरांची संख्या गुणिले नाण्यांची संख्या. एक लाख रुपये पैशांत लिहिले तर एक कोटी घरं होतात, पाच नाणी असतील तर पाच कोटी वेळा आतला लूप. सी++ ला हे झेपतं, पायथनला चांगलाच वेळ लागेल. इथंच ५ नं भागायची युक्ती कामाला येते, एक कोटीची वीस लाख घरं होतात. पण रकमेत एक आकडा वाढला की घरं दहापट होतात हे काही टळत नाही, रक्कम लिहायला एक अंक जास्त लागला आणि काम दहापट झालं. म्हणून इंटरव्ह्यूत प्रश्न आला की रक्कम किती मोठी असू शकते हे आधी विचारा. दहा-वीस हजार असेल तर टेबल आरामात चालतं.

आणि दुसरी गोष्ट जी हमखास चुकते. हे टेबल असं धरून चालतं की प्रत्येक नाणं हवं तेवढं आहे. गल्ल्यात २० पैशांचं एकच नाणं असेल तर वरचा कोड तरी पण २० + २० च सांगेल, आणि ते देता येणार नाही, तिथं खरंच तीन नाणी लागतात, २५ + १० + ५ नाहीतर २० + १० + १०. प्रत्येक नाणं एकदाच वापरायचं असेल तर लूपची रचना बदलावी लागते. नाण्याचा लूप बाहेर घ्यायचा आणि रकमेचा लूप आत, पण तो मोठ्या रकमेकडून छोटीकडं उलटा चालवायचा, म्हणजे एका नाण्यानं भरलेलं घर त्याच नाण्यासाठी परत वापरलं जात नाही. एखादं नाणं तीन असेल तर यादीत ते तीनदा लिहायचं, थोड्या नगांना एवढं पुरतं.

लूपच्या क्रमावरून अजून एक गोंधळ होतो तो पण सांगून टाकतो. नाणी हवी तेवढी असतील आणि कमीत कमी संख्या विचारली असेल तर नाण्याचा लूप बाहेर ठेवा की आत ठेवा, रकमेचा लूप छोटीकडून मोठीकडं चालतोय तोपर्यंत उत्तर तेच येतं. पण किती वेगवेगळ्या प्रकारांनी रक्कम भरता येते असं विचारलं असेल तर क्रम बदलला की उत्तर बदलतं. रकमेचा लूप बाहेर ठेवला तर आधी ५ मग १० आणि आधी १० मग ५ हे दोन वेगळे प्रकार म्हणून मोजले जातात, नाण्याचा लूप बाहेर ठेवला तर एकच प्रकार. दोन्ही प्रश्न दिसायला जवळपास सारखे, कोड पण जवळपास सारखा, म्हणून एकाचा कोड दुसऱ्याला चिकटवला जातो. प्रश्नात "किमान किती नाणी" लिहिलंय की "किती प्रकारे" लिहिलंय ते दोनदा वाचा आणि मगच लूप लिहायला घ्या.

सरावाला नाणी १, ७, १० घ्या आणि रक्कम १४. ग्रीडी १० + १ + १ + १ + १ करतं, पाच नाणी. टेबल वहीवर भरा, घर १४ ला पोचल्यावर शेवटचं ७ धरलं की घर ७ मध्ये १ आहे, उत्तर २. मग हीच नाणी वरच्या तपासणीच्या लूपमध्ये घाला, `range` १७ पर्यंत ठेवा, छापताना `x * 5` ऐवजी नुसता `x` लिहा आणि टेबल २० ऐवजी १७ चं करा. तीन ओळी येतील, पहिली `14 5 2`. मग वहीतलं १५ चं आणि १६ चं घर पण भरून बघा, तिथं पण ग्रीडी का चुकतं ते घरांवरूनच दिसेल: १५ ला ७ + ७ + १ म्हणजे ३ नाणी आणि ग्रीडीला १० + पाच १ म्हणजे ६, लूपनं १५ छापलं नसेल तर तुमचा `range` तपासा, कारण १५ आणि १६ ला पण ग्रीडी चुकतंच, `15 6 3` आणि `16 7 4` या ओळी यायलाच पाहिजेत. तीन ओळी आल्या तर कोड बरोबर आहे, एकच आली तर लूप १४ वरच थांबलाय.